फोडणीचा दहीभात रात्रीच्या हलक्या जेवणाला: एका बाऊलचे मॅक्रो, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीची. गेल्या उन्हाळ्यापासून रात्रीच्या दहीभाताचं वजन करून हिशोब ठेवायलेय, आणि तेव्हापासून बहिणी, जावा, शेजारच्या काकू, जिमला जाणारे भाचे सगळे तेच तेच प्रश्न पाठवायलेत. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहिलीत. एखादी गोष्ट दोन प्रश्नांत येत असेल तर तिथं दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. ताई, सरळ सांगा, एका बाऊल दहीभातात किती कॅलरी आणि प्रोटीन किती?

माझा नेहमीचा बाऊल असा असतो: ५० ग्रॅम कच्चा तांदूळ (शिजून साधारण १३५ ग्रॅम भात होतो), १२५ ग्रॅम घरचं दही, सैल करायला थोडं पाणी, १ छोटा चमचा तेल आणि अर्धा छोटा चमचा मोहरी. हे सगळं मिळून वजन २९०-३०० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि हिशोब येतो साधारण ३०० कॅलरी, प्रोटीन ८ ग्रॅम, कार्ब ४५ ग्रॅम, फॅट ९ ग्रॅम.

कुठून काय येतं ते पण बघा. तांदळाच्या १८० च्या जवळपास, दह्याच्या ७०-७५, तेलाच्या ४० आणि मोहरीच्या ८. म्हणजे निम्म्याहून जास्त कॅलरी तांदळाच्याच आहेत, पण बाऊलमागे चूक होते ती तांदळात नाही, तेलात होते, कारण तांदूळ आपण वाटीनं मोजतो आणि तेल अंदाजानं ओततो. त्याचं सविस्तर प्रश्न ५ मध्ये आहे.

२. बाऊल म्हणजे नेमकं केवढं भांडं? आमच्याकडं आमटीची वाटी वेगळी, पाहुण्यांचा बाऊल वेगळा

बरोबर विचारलंत, सगळा घोळ इथंच होतो. आपली आमटीची स्टीलची वाटी साधारण १५० मिलीची असते, त्यामुळं मी ज्याला बाऊल म्हणते तो अशा दोन वाट्यांचा आहे. पण भांड्यावर भरवसा ठेवू नका, दहीभात सैल असला तर वाटीत पाणी जास्त आणि घट्ट असला तर भात जास्त, वाटी तीच आणि कॅलरी वेगळ्या. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर सगळ्यात बरं. नसेल तर कच्चा तांदूळ मोजून घ्या, शिजल्यावर तो किती माणसांनी खाल्ला ते बघा आणि तेवढ्यानं भागा, तेही चालतं.

३. अॅपमध्ये लिहिताना कच्च्या तांदळाचं वजन टाकू का शिजलेल्या भाताचं?

कुठलंही टाका, पण ज्याचं वजन केलं तीच नोंद निवडा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५० च्या वर कॅलरी असतात आणि १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १३० च्या आसपास, कारण बाकीचं पाणी आहे. माझ्या भाच्यानं १३५ ग्रॅम भाताचं वजन केलं आणि अॅपमध्ये कच्चा तांदूळ निवडला, तर १८० च्या जागी ४८० कॅलरी दिसल्या, आणि पोरगं घाबरून आठ दिवस भातच सोडून बसलं. मी स्वतः कच्चंच वजन धरते, कारण कुकरला पाणी कमीजास्त झालं की भाताचं वजन बदलतं, तांदळाचं बदलत नाही.

४. घरच्या दह्याचे आकडे कुठून आणायचे? त्याच्यावर लेबल नसतं

ज्या दुधाचं लावलं त्या दुधाचं लेबल वाचा. विरजणानं दुधातली थोडी साखर आंबट होते एवढंच, प्रोटीन आणि फॅट तेवढंच राहतं, त्यामुळं १०० ग्रॅम दुधाचे जे आकडे तेच १०० ग्रॅम दह्याला धरले तर फार फरक पडत नाही. टोन्ड पिशवीच्या दुधात फॅट ३ टक्के असतं, माझा वरचा हिशोब त्याच दुधाचा आहे.

आता आपल्याकडं गावाकडून म्हशीचं दूध येतं, त्यात फॅट साडेसहा-सातपर्यंत जातं. त्याचं सायीसकट दही लावलं तर १२५ ग्रॅममागे ४५-५० कॅलरी वाढतात, म्हणजे बाऊल ३०० वरून ३५० ला जातो आणि फॅट ९ वरून १४ ग्रॅमच्या आसपास. प्रोटीन जेमतेम १ ग्रॅम वाढतं. दूध तापवून गार झाल्यावर वरची जाड साय काढली आणि मग विरजण लावलं तर हा फरक बराच कमी होतो, ती साय तुपाला ठेवा. आणि दह्यावरचं पिवळसर पाणी ओतून देऊ नका, त्यात पण थोडं प्रोटीन असतं, भात सैल करायला तेच वापरा.

५. फोडणीत एवढं काय तेल जातं? एक पळी तर घालतो

हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आमच्या आईची फोडणीची पळी आहे, जुनी, दांडा वाकलेला. ती काट्यावर ठेवून मी काठोकाठ तेल भरलं तर ३२ ग्रॅम भरलं. तेल कुठलंही असो, १ ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ती एक पळी जवळजवळ २९० कॅलरीची. माझ्या एका पूर्ण बाऊलएवढी! चार माणसांच्या पातेल्यात ती पळी वाटली जाते तेव्हा माणशी ८ ग्रॅम येतं, ते एवढं काही वाईट नाही, पण एकटीसाठी भात करताना हात त्याच सवयीनं अर्धी पळी ओततो आणि १६ ग्रॅम तेल एकाच बाऊलमध्ये जातं. ३०० चा बाऊल ४०० च्या पुढं गेला आणि चवीत फरक कळला सुद्धा नाही, कारण दह्यात तेल दिसत नाही.

म्हणून पळी बाजूला ठेवा आणि मोजायचा ५ मिलीचा छोटा चमचा घ्या. ५ मिली तेल साडेचार ग्रॅम भरतं, कॅलरी ४०. बाटली काट्यावर ठेवून आधीचं आणि नंतरचं वजन बघितलं तरी चालतं, मला तीच पद्धत सोपी वाटते.

६. एका चमच्यात मोहरी तडतडतच नाही, नाहीतर करपते. काय करू?

कढई मोठी असणार. मोठ्या कढईत एक चमचा तेल पसरून पातळ होतं, मोहरी तेलात बुडत नाही, कोरड्या पत्र्यावर पडते आणि तडतडायच्या आधी करपते. त्यासाठी फोडणीचं छोटं कढलं पाहिजे, खोलगट बुडाचं. ते थोडं तिरकं धरा म्हणजे तेल एका कोपऱ्यात जमतं, तेवढ्यात अर्धा चमचा मोहरी आरामात बुडते.

तेल तापलं का नाही ते बघायला आधी मोहरीचे चारच दाणे टाका. लगेच उडाले तर बाकीची टाका. नुसतेच बसून राहिले तर थांबा, कारण न तडतडलेली मोहरी दह्यात कच्ची आणि कडवट लागते. तेलातून धूर निघाला असेल तर उतरवून जरा गार होऊ द्या, नाहीतर मोहरी काळी पडून कडू होते आणि तो कडूपणा सगळ्या भाताला लागतो. तडतड थांबत आली की जिरे, मग गॅस बंद, मग हिंग, हिरवी मिरची आणि कढीपत्ता, कारण राहिलेली आच त्यांना पुरते. कढीपत्ता पुसून कोरडा करा, ओला टाकला तर तेल हातावर उडतं.

शेवटी दोन चमचे भात कढल्यात टाकून फिरवा आणि परत बाऊलमध्ये घाला. एवढ्याशा फोडणीतलं बरंच तेल आणि वास भांड्यालाच चिकटून राहतो, मग माणूस म्हणतो एका चमच्यात चव येत नाही. चव कढल्यात राहिलेली असते!

७. करडईचं तेल हलकं असतं ना? का तुपाचीच फोडणी द्यावी?

कॅलरीच्या बाबतीत करडई, शेंगदाणा, सोयाबीन सगळी तेलं सारखीच, कुठलंही हलकं नाही. तुपाचा एक छोटा चमचा पण ४० च्या आसपासच. चवीचं म्हणाल तर मला दहीभाताला करडईचंच आवडतं, आपल्या भागातलं पीक आहे आणि घाण्यावरचं मिळालं तर वास छान येतो. तूप मी गरम भातावर घेते, दहीभातात नाही, कारण गार दह्यात ते थिजतं आणि जिभेला बारीक कण लागतात. तेल तसं थिजत नाही.

८. सगळ्या घराचा दहीभात एकाच पातेल्यात होतो, मग माझ्या बाऊलचं कसं काढू?

मागच्या शनिवारी आमच्याकडं चौघांचा केला होता, त्याचाच हिशोब देते. रिकामं पातेलं आधी काट्यावर ठेवलं, ६४० ग्रॅम. मग तांदूळ १६० ग्रॅम, टोन्ड दुधाचं दही ४०० ग्रॅम, मोहरी १ चमचा आणि शेंगदाणे मूठभर, ते ३० ग्रॅम भरले. तेल त्या दिवशी आईनं घातलं, मी फक्त बाटलीचं वजन बघितलं, २८ ग्रॅम कमी झालं होतं.

कॅलरी अशा: तांदूळ ५७०, दही २३०, तेल २५०, शेंगदाणे १७०, मोहरी २०. एकूण १२४०. सगळं कालवून झाल्यावर पातेल्याचं वजन १७३० आलं, त्यातून ६४० वजा केले की दहीभात १०९० ग्रॅम. म्हणजे १०० ग्रॅमला साधारण ११४ कॅलरी. मी ३०० ग्रॅम वाढून घेतला, तर माझ्या वाट्याला ३४० कॅलरी, प्रोटीन ९ ग्रॅम, कार्ब ४१ आणि फॅट जवळजवळ १६ ग्रॅम आलं.

आता त्याच पातेल्यात तेल दोन छोटे चमचे घातलं असतं, म्हणजे ९ ग्रॅम, तर १०० ग्रॅमला १०० कॅलरी झाल्या असत्या आणि माझा बाऊल बरोबर ३०० चा. फरक ४० कॅलरीचा, फक्त हात आवरल्यामुळं. चौघांच्या भाताला दोन चमचे तेल पुरतं, फक्त प्रश्न ६ मधलं छोटं कढलं घ्या.

९. जिमचा ट्रेनर म्हणतो प्रोटीन कमी आहे. वाढवू कसं?

खरंच कमी आहे, दहीभात हे प्रोटीनचं जेवण नाही आणि तसं कोणी सांगत असेल तर पटवून घेऊ नका. पण थोडं वाढवता येतं. तांदूळ ५० चा ४० ग्रॅम करा आणि दही १२५ चं २०० ग्रॅम करा, कॅलरी ३०० च्या आसपासच राहतात आणि प्रोटीन ८ चं १० होतं. भात जरा पातळसर होतो, उन्हाळ्यात तर तसाच बरा लागतो.

अजून पाहिजे असेल तर दही फडक्यात तासभर टांगा, पाणी गळून ते घट्ट होतं आणि चमच्यामागे प्रोटीन वाढतं, पण फॅट पण वाढतं, म्हणून ते साय काढलेल्या दुधाचं असू द्या. एवढं करण्यापेक्षा मी सोबत एक उकडलेलं अंडं घेते, ६ ग्रॅम प्रोटीन आणि ७०-७५ कॅलरी. अंडं न खाणाऱ्यांनी वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ घ्यावी. शेंगदाण्याला लोक प्रोटीन म्हणून घालतात, पण १५ ग्रॅम शेंगदाण्यात प्रोटीन ४ आणि फॅट ७ ग्रॅम असतं, कॅलरी ८५. चवीला घाला, प्रोटीनच्या नावाखाली मूठ मूठ नको.

१०. सोबत सांडगी मिरची आणि पापड पाहिजेच, त्याचं काय?

सांडगी मिरचीशिवाय दहीभात मलाही जात नाही. मी एक करते, फोडणीसाठी मोजलेल्या त्याच तेलात आधी एक मिरची तळून काढते आणि उरलेल्या तेलात मोहरी टाकते. तेल मिरचीत गेलं काय किंवा भातात गेलं काय, पोटात तेवढंच जाणार, हिशोब बदलत नाही. तीन-चार मिरच्या वेगळ्या तळायच्या तर जास्त तेल लागतं आणि मिरच्या ते पितात, तेव्हा कढल्यासकट तेलाचं आधीचं आणि नंतरचं वजन करा, जेवढं कमी झालं तेवढं तुमच्या ताटात आलं. पापड भाजून घ्या. आणि मिरचीत, पापडात मीठ भरपूर असतं, त्या दिवशी भातात मीठ अर्धंच घाला, बीपी असणाऱ्यांनी तर नक्कीच.

११. भाताऐवजी ज्वारीच्या कण्या चालतील का? शुगर आहे

चालतील की, आपल्याकडं ताककण्या जुन्याच आहेत. ४० ग्रॅम कण्या घ्या, रात्रीसाठी दुपारीच भिजत घाला, मग पाणी भरपूर ठेवून मंद आचेवर हलवत हलवत मऊ शिजवा. कण्या भातापेक्षा जास्त पाणी पितात, त्यामुळं ४० ग्रॅममध्येच बाऊल भरतो. दही, तेल, मोहरी तेवढंच ठेवलं तर २५५ कॅलरी, प्रोटीन ८, कार्ब ३३ च्या आसपास आणि फायबर ४ ग्रॅम. ग्रॅमला ग्रॅम धरलं तर ज्वारी आणि तांदळाच्या कॅलरीत फार फरक नाही, फरक कमी कण्यात बाऊल भरतो त्याचा आणि फायबरचा आहे.

शुगरवाल्यांनी हे पण लक्षात घ्या की माझ्या भाताच्या बाऊलमध्ये ४५ ग्रॅम कार्ब आहेत, आणि दही घातलं म्हणून ते कमी होत नाहीत. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा आकडा डॉक्टरांना सांगून रात्रीचं प्रमाण ठरवून घ्या.

१२. दुपारचा उरलेला भात रात्री दह्यात कालवला तर चालतो का? गार भातात कॅलरी कमी होतात म्हणे

कॅलरीचं आधी सांगते. भात शिजवून फ्रिजमध्ये गार केला की त्यातला थोडा स्टार्च सहज न पचणारा होतो, हे खरं आहे, पण फरक एवढासा असतो की हिशोबात मी तो धरत नाही, तुम्ही पण धरू नका.

खरी काळजी दुसरीच आहे. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असू शकतो, त्याचे बीज कुकरमध्ये पण मरत नाहीत, आणि भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते वाढून विष तयार करतात. त्यातलं उलट्या करणारं विष नंतर गरम करून पण जात नाही, वर गरम फोडणी ओतून तर नाहीच. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं असतो, स्वयंपाकघर संध्याकाळपर्यंत तापलेलं असतं, अशा वेळी दुपारी बाराचा भात रात्री आठपर्यंत बाहेर ठेवला तर तो खाऊ नका, वास चांगला येत असला तरी. भात उरवायचा असेल तर जेवण झाल्या झाल्या ताटात पसरून गार करा आणि तास-दीड तासाच्या आत फ्रिजमध्ये टाका. दिवसभर लाइट नसेल तर रात्री ताजाच ५० ग्रॅम लावा, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

१३. डब्यासाठी दह्याऐवजी दूध घालतात, मग मॅक्रो बदलतात का?

नाही बदलत. कोमट भातात १०० मिली दूध आणि २५ ग्रॅम दही विरजण म्हणून घातलं की डब्यातच दही लागतं आणि खाताना आंबट होत नाही. प्रश्न ४ मध्ये सांगितलं तसं दूध आणि दही हिशोबाला सारखंच, एकूण १२५ झालं की झालं. फक्त हे तीन-चार तासांत खायच्या डब्यासाठी आहे. भात कडक गरम नको, विरजण मरतं, आणि गरम भातात नुसतं दही घातलं तरी ते फाटून पाणी सुटतं. बोट घालून सोसवेल एवढाच कोमट असू द्या.

१४. एका बाऊलनं पोट भरत नाही, अकराला परत भूक लागते

मग भात वाढवू नका, काकडी वाढवा. १०० ग्रॅम काकडी किसून बाऊलमध्येच कालवली तर १५ कॅलरी वाढतात आणि बाऊल बराच भरतो. काकडीला पाणी सुटतं म्हणून खायच्या वेळीच घाला आणि मीठ शेवटी. तरी भूक लागत असेल तर बहुतेक प्रोटीन कमी पडतंय, प्रश्न ९ मधलं अंडं किंवा वरण जोडा, ४०० कॅलरीच्या आतच राहता. माझं वर्षभर तरी दहीभात, काकडी आणि एक अंडं असंच चाललंय, आणि एकच सांडगी मिरची.